ठिगळ लपतं ते दाण्यात

२६ जुलै २००५ च्या पुरात आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, ज्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, उल्हास नदीचं पाणी काठच्या वस्त्यांतल्या घरांत शिरलं. भांडी धुऊन घेता आली, गाद्या फेकून देता आल्या, पण भिंतीवरचे आणि ट्रंकेतले फोटो यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. उल्हासनगरात तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या आणि पुढे याच कॅम्पांमध्ये रुजलेल्या सिंधी घरांत जुना फोटो म्हणजे अनेकदा मागे राहिलेल्या गावाची उरलेली एकमेव खूण असते.

असे फोटो दुरुस्तीला येतात. डाग काढणं, फाटलेली रेघ बुजवणं हे आता कुठलाही शिकाऊ मुलगा करतो. खरी अडचण पुढे येते. दुबईतला पुतण्या मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करतो आणि आजोबांच्या खांद्यामागे एक गुळगुळीत डबकं दिसतं. रंग जुळलेला असतो, उजेड जुळलेला असतो, तरी तिथे हात फिरला आहे हे लपत नाही. कारण तिथला दाणा, म्हणजे ग्रेन, गेलेला असतो.

एक फोटो घेऊन हे पाहू. १९६० च्या दशकातलं कृष्णधवल लग्नचित्र, पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरून आठ बाय दहा इंच मोठं केलेलं. पुरात भिजून काचेला चिकटलेलं. असा फोटो ओढून काढायचा नाही. जिलेटिनचा थर फुगून काचेला धरलेला असतो, ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करायचा, १२०० पीपीआयला आणि सोळा बिटमध्ये. इतक्या बारकाईने स्कॅन केल्यावर दिसतं की मागचा राखाडी पडदा एकसारखा राखाडी नाहीच. फिल्ममधल्या चांदीच्या कणांच्या गुठळ्या कागदावर मोठ्या होऊन उतरल्या आहेत. प्रत्येक गुठळी तीन-चार पिक्सेलची आहे.

या पडद्यावर नवरदेवाच्या डाव्या बाजूला पाण्याचा तपकिरी डाग आहे. शेजारचा स्वच्छ भाग क्लोन करून तो झाकला जातो. इथे बहुतेकांचा हात मऊ कडेच्या ब्रशकडे जातो, कारण कड दिसू नये असं वाटतं. पण मऊ कडेवर जुनं आणि नवं निम्मं-निम्मं मिसळतं, आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन दाणे असे मिसळले की त्यांची खरखर जवळपास सत्तर टक्क्यांवर येते. ठिगळाभोवती एक धूसर कडी तयार होते. त्याच जागी तीन-चारदा ब्रश फिरवला की कडीचं डबकं होतं. म्हणून दाणेदार भागात कड बरीच कठीण ठेवावी. दाण्यात कठीण कड हरवून जाते, मऊ कड मात्र उघडी पडते. तुकडा फिरवून किंवा लहान-मोठा करून बसवला तरी हेच होतं. पिक्सेल नव्याने मोजताना प्रोग्रॅम शेजारच्यांची सरासरी काढतो आणि दाणा बोथट होतो.

डोळ्यावर विसंबण्यापेक्षा हे मोजता येतं. फोटोशॉपमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही हिस्टोग्रॅमच्या खिडकीत Std Dev नावाचा आकडा असतो. निवडलेल्या भागातले पिक्सेल सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरले आहेत ते तो सांगतो. पडद्याचा निर्दोष, सपाट तुकडा निवडला आणि आकडा आला १०. दुरुस्त केलेला तुकडा निवडला, आकडा ६. निवड छोटी आणि खरोखरच सपाट हवी. उजेडाचा चढउतार किंवा पडद्याची घडी आत आली तर आकडा फुगतो आणि फसवतो.

आता ६ चे १० करायला ४ ची खरखर टाकून भागत नाही. खरखरीचे वर्ग मिळतात: ३६ मध्ये ६४ मिळवले की १००, म्हणजे टाकायची ती ८ ची. चार टाकून ‘झालं की’ म्हणणाऱ्याचं ठिगळ म्हणूनच दिसत राहतं. प्रत्यक्षात ठिगळावर पन्नास टक्के राखाडीचा नवा थर घ्यावा, त्याचा मोड Overlay ठेवावा, त्यावर Add Noise मधून Gaussian आणि Monochromatic निवडून खरखर टाकावी आणि मास्कने ती ठिगळापुरती ठेवावी. Overlay मुळे खरखरीचा जोर बदलतो, म्हणून गणित फक्त अंदाजाला वापरायचं आणि हिस्टोग्रॅमचा आकडा १० होईपर्यंत प्रमाण हलवायचं.

आकडा जुळला तरी काम अर्धंच झालेलं असतं. नव्या खरखरीचा प्रत्येक ठिपका एका पिक्सेलचा असतो, तर फोटोतली गुठळी तीन-चार पिक्सेलची. दोन्हींचा आकडा १०, पण एक रवा आणि दुसरा भरडा. हा फरक पकडायची एक तपासणी मला फार आवडते. फाइलची प्रत करून ती निम्म्या आकाराची करायची आणि तेच दोन भाग पुन्हा मोजायचे. चार पिक्सेलचा एक झाला की सुट्या ठिपक्यांची खरखर निम्मी होते, १० ची ५. गुठळ्यांची मात्र तेवढी उतरत नाही. आपल्या फोटोत ती ८ वर राहिली. म्हणजे ठिगळावरचा दाणा फार बारीक आहे. मग खरखरीच्या थराला एक पिक्सेलच्या आसपास Gaussian Blur द्यायचा, त्याने उतरलेला जोर पुन्हा वाढवायचा, आणि मूळ आकारात १० व निम्म्या आकारात ८ असे दोन्ही आकडे जुळेपर्यंत मागेपुढे करायचं. सवय झाली की याला वेळ लागत नाही.

नवरीच्या गडद शालूवर मात्र हाच थर तसाच चालत नाही. दाणा मधल्या राखाडीत ठळक असतो, गडद काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात तो दबलेला असतो. म्हणून शालूसाठी शालूवरच मोजायचं आणि त्याचा थर वेगळा ठेवायचा. रंगीत फोटो असेल तर लाल, हिरवा, निळा हे चॅनेल वेगवेगळे पाहावे लागतात. बऱ्याचदा निळ्यात खरखर सर्वांत जास्त असते आणि ठिगळ तिथेच सापडतं.

सत्तरीनंतरच्या रंगीत प्रिंटांची एक वेगळीच डोकेदुखी आहे. अनेक स्टुडिओ ‘सिल्क’ कागद वापरत. त्याच्या पृष्ठावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि स्कॅनरचा एकाच बाजूने येणारा उजेड तिच्या सावल्या पकडतो. ही जाळी नियमित असल्यामुळे खरखर टाकून ती बनत नाही. एक उपाय असा, की फोटो एकदा सरळ आणि एकदा पूर्ण उलटा फिरवून स्कॅन करायचा आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवून सरासरी घ्यायची. सावल्या विरुद्ध बाजूंनी पडत असल्याने जाळी बरीच मावळते आणि ठिगळाला साधा कागद मिळतो. जाळी ठेवायचीच असेल तर क्लोन करताना तुकडा पूर्ण घरांच्या हिशेबानेच सरकवावा, नाहीतर जोडावर ओळ मोडते आणि नजर थेट तिथे जाते.

काम संपलं असं वाटल्यावर सर्वांत वर एक कर्व्हचा थर टाकून कॉन्ट्रास्ट भडक करावा आणि दोनशे टक्के झूमवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरावं. जे डबकं साध्या नजरेला दिसलं नाही ते इथे दिसतं. मगच तो थर काढून टाकायचा आणि शार्पनिंग करायचं. शार्पनिंग दाण्याला धार देतं. न जुळलेल्या ठिगळात धार द्यायला दाणाच नसतो, म्हणून आधी थोडासा असलेला फरक नंतर उठून दिसतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. डाग पडद्यावर किंवा शालूवर असेल तर जुळवलेला दाणा पुरतो. डाग डोळ्यावर असेल तर दाणा कितीही अचूक बसला तरी तो डोळा त्या माणसाचा होत नाही. तिथे मी घरच्यांकडे त्याच माणसाचा दुसरा फोटो मागतो, आणि नसेल तर डाग फिका करून थांबतो.

फाइल देताना ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून गेली की ती लहान होते आणि जेपेगचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दाणा खाऊन टाकतात. मोठ्या फ्रेमसाठी छापायची असेल तर मूळ टिफ आणि थरांसकट फाइल दोन्ही जपून ठेवावी, कारण आठ बाय दहाचं बारा बाय पंधरा करताना दाणाही दीडपट होतो आणि ठिगळ पुन्हा एकदा तपासावं लागतं.