हॉटेलने रोखलेले आठ हजार

लग्नसराईत धुळ्याहून जळगावला आलेले एखादे कुटुंब हॉटेलात उतरते. स्वागतकक्षात क्रेडिट कार्ड यंत्राला लावले जाते आणि क्षणात भ्रमणध्वनीवर आठ हजार रुपयांचा संदेश येतो. खोलीचे भाडे करासह दिवसाला तीन हजार, मुक्काम दोन दिवसांचा. मग सहाऐवजी आठ हजार कशाचे, आणि तेही मुक्कामाआधीच, असा प्रश्न घरातल्या हिशेबी माणसाला पडणारच.

वस्तुतः हॉटेलने अद्याप एक रुपयाही घेतलेला नसतो. अंतिम बिल किती होईल हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नसते. जेवण, कपड्यांची धुलाई, वाढलेला मुक्काम यांची त्यात भर पडू शकते. म्हणून हॉटेल अंदाजाने थोडी अधिक रक्कम धरून बँकेला विचारते, ‘एवढे पैसे या कार्डावर आहेत का? असल्यास आमच्यासाठी बाजूला ठेवा.’ बँक होकार देते, एक मंजुरी क्रमांक देते आणि तेवढी मर्यादा रोखून ठेवते. हा इसार नव्हे. इसार समोरच्याच्या हातात पडतो. शेअर बाजारातील नव्या विक्रीसाठी अर्ज केल्यावर वाटप होईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहतात, पण वापरता येत नाहीत. खानदेशातील अनेक व्यापारी घरांना ही पद्धत परिचित आहे. कार्डावरील रोख त्याच जातीची.

खरी अडचण उद्भवते ती हॉटेल सोडताना. समजा, कार्डाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि आधीची खरेदी 30,000 ची. उरलेल्या 20,000 पैकी 8,000 रोखले गेल्याने हाताशी 12,000 राहतात. बिल झाले 6,850 रुपये. कर्मचाऱ्याने जुन्याच मंजुरी क्रमांकावर व्यवहार पुरा केला, तर 6,850 रुपये वसूल होतात, उरलेले 1,150 मोकळे होतात आणि 13,150 रुपयांची मर्यादा शिल्लक राहते. परंतु घाईत त्याने कार्ड पुन्हा लावून नवी विक्री नोंदवली, तर जुने 8,000 अडकलेलेच राहतात आणि त्यावर 6,850 वेगळे जातात. हाताशी उरतात अवघे 5,150. तेथून सराफ बाजारात जाऊन दहा हजारांचा दागिना घ्यावा, तर कार्ड नाकारले जाते. पैसे दोनदा गेले असा समज होतो, परंतु वसुली एकदाच झालेली असते.

हा फरक यंत्राच्या पावतीवरच दिसतो. रोखीच्या पावतीवर PRE-AUTH असे शब्द असतात, विक्रीच्या पावतीवर SALE. म्हणून पहिली पावती जपून ठेवावी आणि निघताना ती दाखवून ‘याच मंजुरीवर बिल पुरे करा’ असे सांगावे. बिल रोखीने किंवा यूपीआयने चुकवले असेल, तर जुनी रोख रद्द करून त्याची पावती मागावी. घरी परतल्यावर केवळ बँकेकडे तक्रार करून बहुधा भागत नाही. हॉटेलने ‘सोडा’ म्हटल्याखेरीज बँक सहसा रक्कम मोकळी करत नाही. मुदत संपली की ती आपोआप सुटते खरी, पण हॉटेलच्या बाबतीत ही मुदत तीस दिवसांपर्यंतही असू शकते. डेबिट कार्ड दिले असेल तर त्रास अधिक. तेथे बचत खात्यातलीच शिल्लक अडकते आणि त्याच दिवसांत कर्जाचा हप्ता असला तर तो परत जाण्याची भीती असते.

पेट्रोल पंपावर हा अनुभव आपल्याकडे सहसा येत नाही, याचे कारणही तेच. जळगाव किंवा धुळ्याच्या पंपावर कर्मचारी इंधन भरतो, आकडा ठरतो आणि मग तोच आकडा कार्डाच्या यंत्रात घातला जातो. रक्कम आधीच ठाऊक असल्याने रोखण्याचे प्रयोजन उरत नाही.

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना मात्र उलटा क्रम दिसतो. तेथे ग्राहक स्वतः इंधन भरतो. कार्ड आधी लावावे लागते, मगच नळी सुरू होते. टाकीत किती जाईल हे पंपाला कळत नाही, म्हणून तो मोठी रक्कम रोखू शकतो. इंधन महागल्यावर 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी ही कमाल रक्कम 125 वरून 175 डॉलर केली. भरले बेचाळीस डॉलरचे, तरी काही वेळ 175 अडकलेले दिसू शकतात. खरा आकडा बँकेत पोहोचला की उरलेले सुटतात. इथून पैसे भरून नेलेल्या परकीय चलनाच्या कार्डावर दीडशेच डॉलर असतील, तर एवढी रोख मागणारा पंप कार्डच नाकारतो, मग हवे असलेले इंधन वीस डॉलरचेच का असेना. अशा वेळी आत रोखपालाकडे जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि वीस डॉलरचेच भरायचे आहे असे म्हणून तेवढेच आधी चुकते करावे. आकडा ठरलेला असल्याने जादा रक्कम रोखण्याचा प्रश्न येत नाही.