साडेआठच्या आधीचा पाऊस, नंतरचा पाऊस

कथास्पर्धेचा विषय ‘पाऊस’ असला की परीक्षकासमोरच्या गठ्ठ्यात काय असणार, हे तो न उघडताही सांगता येतं. मातीचा वास, कांदाभजी, एका छत्रीतले दोघं, आणि गंभीर लिहिणाऱ्यांकडे आभाळाला डोळे लावून बसलेला शेतकरी. यात खोटं काहीच नाही. पण हे सगळ्यांना सगळ्यात आधी सुचतं. मग काही हुशार मंडळी विषयच फिरवतात. पाऊस म्हणजे डोळ्यांतलं पाणी निघतं, ‘आई’ शेवटच्या ओळीत नदी किंवा मायमराठी निघते. खरं सांगायचं तर असल्या कोड्यांचाही गठ्ठ्यात तोटा नसतो.

त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारून पाहावा: पाऊस हे कोणाचं काम आहे? मांडववाल्याचं आहे, धरणाचे दरवाजे उघडणाऱ्याचं आहे, आणि पाऊस मोजणाऱ्याचंही आहे. हा शेवटचा माणूस धरून पुढे जाऊ.

आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. हवामान खात्याच्या नोंदीत तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या मदतीचा विचार करताना महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काहीतरी हलतं. समजा, पहाटे चारला पाऊस सुरू झाला आणि साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर पडला. तो थांबला नाही, दुपारपर्यंत आणखी ४० पडला. शेतानं आठ तासांत ८० मिलिमीटर झेलला, सोयाबीन आडवं झालं. पण त्याच्या आदल्या रात्री आणि नंतर उघडीप असेल, तर कागदावर ४० मिलिमीटरचे दोन दिवस, आणि अतिवृष्टी एकही नाही.

ही कथा नाही, बातमी आहे. नवे लिहिणारे बहुधा इथेच थांबतात: चांगला तपशील सापडल्याच्या आनंदात तो दोन परिच्छेद समजावून सांगतात आणि मग कळवळून लिहितात. कथेसाठी या आकड्याशी झगडणारं माणूस लागतं. शेतकरी आणि अधिकारी समोरासमोर आणले, तर त्यांचे संवाद वाचकाला आधीच पाठ असतात. म्हणून मोजणारा हात बदलू. सातवीतल्या मुलाला शाळेनं पाऊस मोजण्याचा उपक्रम दिलाय. प्लॅस्टिकची बाटली कापून, गळा उलटा बसवून त्यानं पर्जन्यमापक केलाय. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे तो साडेआठला पट्टी लावतो, आकडा वहीत लिहितो आणि बाटली रिकामी करतो. त्या सकाळीही त्यानं भर पावसात हेच केलं. संध्याकाळी वडील वही मागतात. म्हणतात, “पासष्टच्या वर लागतंय. खोड आणि ऐंशी लिही.”

नियम या एका वाक्यात आला, वेगळा समजावण्याची गरज उरली नाही. मुलाच्या वहीला सरकारदरबारी किंमत शून्य आहे आणि ते वडिलांनाही ठाऊक आहे. तरी ते का म्हणतात? कथा या प्रश्नात आहे. पोरगं म्हणेल, “बाटली साडेआठलाच ओतली ना, आबा.” तो चुकलेला नाही, वडीलही खोटं बोलत नाहीत.

कोन खरा की नुसता वेगळा, हे तपासायला मी विषयाच्या जागी दुसरा विषय ठेवून पाहतो. छत्रीतल्या प्रेमकथेत पावसाऐवजी थंडी आणि छत्रीऐवजी शाल घाला, कथा बिनधोक चालते. म्हणजे पाऊस तिथे पडद्यावर रंगवलेला होता. बाटलीच्या कथेत थंडी घालताच येत नाही.

‘आई’ या विषयालाही ‘कोणाचं काम’ हा प्रश्न चालतो. नारायण सुर्वे यांनी गिरणीत जाणारी आई लिहिली, तेव्हा तिच्या मायेइतकीच तिची पाळीही कवितेत आली. आजचा कोन हवा असेल तर जन्मनोंदणीच्या खिडकीपाशी उभं राहावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. लग्नात जिचं नाव तांदळात कोरून बदललं, अशी बाई तिथे अर्ज भरते आहे. आधारकार्डावर सासरचं नाव आहे. माहेरची माणसं तिला जुन्या नावानं हाक मारतात. शेजारी बाळाला घेऊन सासूबाई उभ्या आहेत. त्यांचंही नाव कधीकाळी असंच बदललेलं आहे, आणि सुनेनं काय लिहिलं ते वाचायला त्या चष्मा शोधतायत.