टेबलाच्या कडेवरून निसटणारी साखळी

साठ सेंटीमीटर लांबीची, बारीक कड्यांची एक साखळी घ्या. ती गुळगुळीत टेबलावर कडेशी काटकोन करून सरळ ठेवा आणि तिचा १५ सेंटीमीटरचा तुकडा कडेवरून खाली सोडा. हात काढला की साखळी सरकू लागते, बघता बघता वेग घेते आणि सळकन खाली जाते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांत हे उदाहरण हमखास भेटतं. सुरुवातीचं त्वरण किती, आणि शेवटची कडी टेबल सोडते तेव्हा वेग किती, असे त्यात दोन प्रश्न असतात. पहिल्याचं उत्तर एका ओळीत मिळतं. दुसऱ्यात मात्र चांगली अभ्यासू मुलंही फसतात, आणि ती का फसतात हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी घर्षण नाही असं धरू. साखळीला ओढणारं बळ म्हणजे फक्त लोंबत्या तुकड्याचं वजन. टेबलावरच्या भागाचं वजन टेबल पेलतं, ते ओढायला उपयोगी पडत नाही. पण हलवायची असते ती अख्खी साखळी. म्हणजे ओढणारा पाव हिस्सा आणि ओढली जाणारी पूर्ण साखळी. म्हणून सुरुवातीचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एक चतुर्थांश, ९.८ भागिले ४, म्हणजे २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. साखळी लोखंडाची आहे की पितळेची, जड आहे की हलकी, याने काही फरक पडत नाही. फक्त ती सगळीकडे सारखी हवी.

आता फसगत कुठे होते ते पाहा. त्वरण मिळालं, अजून ४५ सेंटीमीटर सरकायचं आहे, मग पाठ असलेलं सूत्र v² = 2as लावायचं, असं हाताला वळणच पडलेलं असतं. उत्तर येतं साधारण १.४८ मीटर प्रति सेकंद, आणि ते चुकीचं असतं. ते सूत्र त्वरण बदलत नसेल तेव्हाच चालतं. इथे साखळी जसजशी खाली उतरते तसतसा ओढणारा हिस्सा वाढत जातो. निम्मी साखळी खाली आली की त्वरण ४.९ होतं, आणि शेवटची कडी सुटताना पूर्ण ९.८. वेळेच्या हिशोबातही हे दिसतं. पहिले १५ सेंटीमीटर सरकायला साखळी सुमारे ०.३३ सेकंद घेते, तर उरलेले ३० सेंटीमीटर ती जेमतेम ०.१८ सेकंदात संपवते.

योग्य वेग काढायचा सर्वांत सुंदर मार्ग ऊर्जेचा आहे. साखळीचं वजन १२० ग्रॅम, म्हणजे सेंटीमीटरला २ ग्रॅम, असं समजू. शेवटच्या क्षणी साखळी कडेपासून खाली ६० सेंटीमीटरपर्यंत सरळ लोंबत असते. त्यातली वरची १५ सेंटीमीटर जागा सुरुवातीलाही साखळीने भरलेलीच होती. म्हणजे हिशोबापुरतं असं म्हणता येतं की टेबलावरचा ९० ग्रॅमचा भाग १५ ते ६० सेंटीमीटर खोलीवर जाऊन बसला. त्याची सरासरी खोली ३७.५ सेंटीमीटर. एवढी उंची ९० ग्रॅमने गमावली आणि त्यातून १२० ग्रॅमला वेग मिळाला. अख्खी साखळी २८.१ सेंटीमीटर खाली पडल्यासारखाच हा हिशोब झाला. वेग येतो २.३५ मीटर प्रति सेकंद. एकूण लांबी L आणि आधी लोंबणारी लांबी x असेल, तर हीच गोष्ट सूत्रात अशी लिहितात: v² = g(L² − x²)/L.

ज्यांना v² = 2as सोडवत नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे. त्वरण अंतरासोबत सरळ रेषेत वाढतं, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या त्वरणाची सरासरी, ६.१२५, त्या सूत्रात घातली तर उत्तर २.३५ हेच येतं.

खऱ्या टेबलावर घर्षण असतंच, आणि त्यामुळे हा प्रयोग जास्त रंगतदार होतो. साखळी हळूहळू कडेबाहेर ढकलत न्या. ती आपोआप निसटायला लागेल त्या क्षणी लोंबणारी लांबी आणि टेबलावरची लांबी मोजा. पहिलीला दुसरीने भागलं की टेबल आणि साखळी यांच्यातला घर्षण गुणांक मिळतो. तराजूची गरज नाही, फूटपट्टी पुरते. आपली साखळी नेमकी १५ सेंटीमीटरवर निसटली, तर गुणांक १५ भागिले ४५, म्हणजे एक तृतीयांश. मात्र कड गोलसर आणि घासून गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर कड्या तिथे अडकतात आणि गुणांक खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

सरकतानाही घर्षण तेवढंच राहिलं तर वेग २.३५ ऐवजी २.१ मीटर प्रति सेकंद भरतो. सरकताना घर्षण सहसा थोडं कमी होतं, त्यामुळे खरा वेग या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी सापडायला हवा. साखळीची लांबी मी ६० सेंटीमीटर घेतली तीही मुद्दाम. घरातलं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. मीटरभर साखळी घेतली तर तिचं खालचं टोक आधी जमिनीला टेकेल आणि सगळा हिशोब बिघडेल.

पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत अशी एक बाब इथे आहे. टेबलावरची कडी आडवी धावत येते आणि कडेवर तिला एकदम खाली वळावं लागतं. वेग कमी असतो तोवर साखळीतला ताण तिला वळवून घेतो. वेग वाढतो, ताण मात्र पुढे कमी होत जातो. आपल्या घर्षणरहित उदाहरणात सुमारे ३३ सेंटीमीटर साखळी खाली गेली की ताण अपुरा पडतो, आणि साखळी कड सोडून किंचित पुढे उसळते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये साखळीचा असा फुगवटा दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. वरचा हिशोब शेवटपर्यंत तंतोतंत लागू व्हायचा असेल, तर कडेला साखळी वळवणारी वाकडी गुळगुळीत नळी धरावी लागते.

आणि साखळी सरळ न ठेवता कडेशी तिचा ढीग केला तर? १८५७ मध्ये इंग्रज गणिती आर्थर केली यांनी हा प्रश्न सोडवला. ढिगातल्या कड्या थांबलेल्या असतात आणि एकेक कडी हिसका बसून चालत्या साखळीत ओढली जाते, असं त्यांनी धरलं. प्रत्येक हिसक्यात थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून तिथे ऊर्जेचा हिशोब चालत नाही, संवेगाचा मांडावा लागतो. त्यांचं उत्तर असं, की साखळी एकसारख्या त्वरणाने उतरते आणि ते त्वरण गुरुत्व त्वरणाच्या बरोबर एक तृतीयांश असतं. गमावलेल्या उंचीतून मिळालेल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा हिसक्यांतच संपतो. आपल्या साखळीचा ढीग कडेशी ठेवला आणि ती जवळजवळ शून्य लांबीपासून उतरू लागली, तर सुटतानाचा वेग १.९८ मीटर प्रति सेकंद, आणि तीच साखळी सरळ ठेवून तशीच सुरुवात केली तर २.४२. म्हणून असं उदाहरण समोर आलं की सूत्र शोधण्याआधी प्रश्नातला एक शब्द तपासा: साखळी पसरलेली आहे की ढीग करून ठेवलेली.