मथळ्याची गोष्ट : लोणारच्या पाण्यात पिंक कुठून?

मागच्या वेळी ‘पीक’ या शब्दावर लिहीन म्हटलं होतं, पण मेहकरच्या एका शिक्षकवाचकांचं पत्र आलं आणि ते पुढं ढकलावं लागलं. त्यांच्या शाळेचं भित्तिपत्रक लोणारवर निघतंय. मुलांनी मथळा दिला : ‘लोणार इन द पिंक’. त्यांना तो आवडला, पण वाचणारे नुसतेच पुढे जातात. असं का होतं, असं त्यांनी विचारलंय.

जून २०२० मध्ये लोणारचं हिरवट पाणी गुलाबी झालं होतं. मुलांच्या डोळ्यांसमोर तेच आहे. इंग्रजीत ‘इन द पिंक’ म्हणजे ठणठणीत, खुशीत. रंग आणि तब्येत असे दोन अर्थ एकाच शब्दात बसवायचा त्यांचा विचार होता. पण यातला दुसरा अर्थ फक्त इंग्रजीत आहे. तो वाक्प्रचार ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती मराठी लिपीतलं इंग्रजी तेवढं राहतं. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. त्या वर्षी पाणी आटलं होतं आणि खारेपणा वाढला होता. तळं खुशीत होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. श्लेषाचे दोन्ही अर्थ बातमीला धरून असावे लागतात, नाहीतर शब्द जमतो आणि मथळा खोटा पडतो.

मला मात्र त्या मथळ्यातला ‘पिंक’ सोडवेना. पानाची पिंक आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? इंग्रजी रंग आणि मराठी पिंक, उच्चार एक, देवनागरीत लिखाणही एक. दोन्ही भाषा कळणाऱ्याला एका अक्षराचाही फरक न करता दोन्ही अर्थ मिळतात. असा शब्द नशिबानं सापडतो.

अमूलच्या फलकांवर साठच्या दशकात ‘हरी अमूल, हरी हरी’ अशी जाहिरात झळकली होती. रोमन लिपीत ती ‘घाई करा’ अशी दिसायची आणि मोठ्यानं वाचली की भजन ऐकू यायचं. तीच देवनागरीत लिहिली तर देव आधी दिसतो, घाई नंतर. कोणता अर्थ आधी पोचावा हे लिपी ठरवते. आपल्या ‘पिंक’मध्ये लिपी एकच आहे, म्हणून ते वाचणारा ठरवतो. शहरातल्या मुलीला आधी रंग दिसेल, तिच्या आजीला आधी पानाची पिंक.

मी पहिल्यांदा लिहिलं : ‘लोणारमध्ये पिंक टाकली कुणी?’ कानाला बरं वाटलं, पण ‘टाकली’नं घात केला. पानाची पिंक स्त्रीलिंगी, रंग पुल्लिंगी. ‘टाकली’ म्हटलं की रंग गळतो, ‘टाकला’ म्हटलं की पान गळतं. ‘ही पिंक’, ‘पिंक कुणाची’, ‘पिंक आली’, सगळीकडे तोच अडथळा. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. मराठीत क्रियापद आणि सर्वनाम लिंग उघडं करतात, म्हणून ती दोन्ही काढून पाहिली : ‘लोणारच्या पाण्यात पिंक कुठून?’ आता कोणताच अर्थ बाद होत नाही.

शिवाय हा खराच प्रश्न आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने गेले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यात निघाले. रंगद्रव्य त्यांच्या अंगात असतं. नमुन्यातले जीव तळाशी बसले तसं वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता. कमी पाऊस आणि कडक ऊन यांनी खारेपणा वाढला, तो त्यांना मानवला. मथळ्यातल्या ‘कुठून’चं उत्तर लेखात मिळतं, ही माझ्या दृष्टीनं या बदलाची खरी कमाई.

दोन सूचना. मथळ्यात ‘पिंक’ला अवतरण चिन्ह लावू नका. मुद्रितशोधक इंग्रजी शब्द म्हणून हटकून लावतो, आणि तसं केलं की पानाची पिंक पुसली जाऊन निव्वळ रंग उरतो. आणि खाली साधी ओळ हवीच : ‘तळं गुलाबी करणारे सूक्ष्मजीव’. नाहीतर कुणी तळ्यात थुंकतंय अशी तक्रार वाटेल.

एक मर्यादाही आहे. लोणारला धार आहे, काठावर कमळजादेवी आहे. विज्ञानाच्या भित्तिपत्रकावर हा मथळा चालेल. नवरात्रातल्या यात्रेच्या वर्णनावर मी तो घालणार नाही. तिथं त्या शब्दाचा मराठी अर्थच आधी वाचला जातो आणि तो लागतो.

मुलांनी दोन्ही मथळे वेगवेगळ्या कागदांवर लिहून घरी दाखवावेत आणि आईला, आजीला काय वाटलं ते विचारावं. कोण कुठं थांबलं ते कळवा. ‘पीक’ पुढच्या वेळी : मराठीत शेतातलं, हिंदीत पानाचं आणि इंग्रजीत शिखराचं, म्हणजे मलकापूरहून बुऱ्हाणपूरकडे जाताना अर्थ कसा बदलतो ते.