शेणकिडा, आकाशगंगा आणि शाळेचा अंक

२०१३ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आफ्रिकी शेणकिड्यांवरचा शोधनिबंध आला. त्याच्या सारांशाचं शाळेच्या अंकासाठी केलेलं हे रूपांतर.

सारांशाचा आशय: चंद्र नसतानाही तारकांकित आकाशाखाली शेणगोळ्यांचे वहन सरळ रेषेत होते, ढगाळ आकाशाखाली ही क्षमता लोपते. तारांगणात केवळ आकाशगंगा दाखवली असताही दिशानिर्धारण तितकेच अचूक आढळते.

शाळेच्या अंकात: चांदण्यांनी भरलेली, चंद्र नसलेली रात्र. शेणाच्या ढिगावर किड्यांची झुंबड. एक किडा गोळा वळतो आणि मागच्या पायांनी ढकलत, उलटा चालत सरळ रेषेत पळ काढतो. रेंगाळला तर दुसरा कुणी गोळा पळवेल! पण आभाळ भरून आलं, की त्याची वाट वेडीवाकडी होते.

काय बदललं? ‘वहन होते’ अशी कर्ता नसलेली रचना गेली, किडा कर्ता झाला. सरळ जाण्याचं कारण म्हणजे ढिगावरची स्पर्धा. मूळ सारांशात तिचा ओझरता उल्लेख आहे. इथे गोष्ट तिच्यावरच उभी राहिली.

कुठे घसरतं? ‘किडा तारे बघून घरी जातो’ हे वाक्य गोड, पण चूक. त्याला कुठे पोहोचायचं नसतं, फक्त ढिगापासून लांब जायचं असतं. ‘आकाशगंगा वापरणारा एकमेव प्राणी’ हेही चूक; निबंधाचा दावा ‘पहिला नोंदवलेला पुरावा’ एवढाच आहे.

तपासणी: आपल्या प्रत्येक विधानासमोर निबंधातलं मूळ वाक्य लिहावं. ते सापडलं नाही, तर विधान खोडावं.