उरलेल्या फरकाची कामगिरी

विवाहित स्त्री नोकरी करते की नाही, यावर घरातल्या इतर उत्पन्नाचा परिणाम किती? उत्तर हो किंवा नाही, म्हणून प्रोबिट मॉडेल. पण नोकरीचा निर्णय घडवणाऱ्या काही न मोजलेल्या गोष्टी त्या उत्पन्नातही मिसळलेल्या असतात. रिव्हर्स आणि वुआंग यांनी 1988 मध्ये दाखवलेली वाट अशी: स्त्रीचं वय, तिचं शिक्षण आणि पतीचं शिक्षण यांवरून आधी उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष उत्पन्न आणि अंदाज यांतला फरक मूळ उत्पन्नासोबत प्रोबिटमध्ये घालायचा. या फरकाचा गुणांक शून्यापासून स्पष्ट वेगळा निघाला, तर भेसळीचा संशय खरा. तेव्हा नेहमीच्या प्रमाण त्रुटी फसव्या ठरतात; बूटस्ट्रॅप करावा. पतीच्या शिक्षणाचा पत्नीच्या नोकरीवर थेट परिणाम नसावा, ही अट मात्र मला ठिसूळच वाटते.