‘डब’नंतरची गडगड

सहावा महिना लागलेली 26 वर्षांची बाई ओपीडीत येते. दोन आठवड्यांपासून पायऱ्या चढताना धाप लागते, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही आणि आडवं झालं की खोकल्याची ढास लागते. घरात सासूबाईंचं म्हणणं, “दिवस गेल्यावर व्हायचंच असं.” अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. नाडी मिनिटाला 110. लहानपणी कधी गुडघे, घोटे सुजून ताप आला होता का, असं विचारलं तर ती आईला फोन लावते. आई सांगते, चौथीत असताना महिनाभर शाळा बुडाली होती.

ही एकच कुणी बाई नव्हे. आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांना असं चित्र पुनःपुन्हा भेटतं. तिच्या छातीत नेमकं काय ऐकायचं आणि ते कोणत्या क्षणी, हा या लेखाचा विषय.

हृदयाचे ‘लब’ आणि ‘डब’ हे दोन आवाज झडपा मिटण्याचे असतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या की लब होतो. मग खालचे कप्पे आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात आणि बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडावरच्या झडपा मिटल्या की डब. लब ते डब हा आकुंचनाचा काळ, डब ते पुढचा लब हा विश्रांतीचा, म्हणजे खालचे कप्पे भरण्याचा. निरोगी झडप उघडताना आवाज करत नाही आणि तिच्यातून वाहणारं रक्तही सहसा ऐकू येत नाही. वाट अरुंद झाली किंवा मिटलेल्या झडपेतून रक्त मागे गळू लागलं, की प्रवाह खळबळतो. त्या आवाजाला डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात.

यातून एक साधा तर्क निघतो. अरुंद झालेली झडप तेव्हाच आवाज करील, जेव्हा ती उघडी असायला हवी. गळकी झडप तेव्हाच, जेव्हा ती मिटलेली असायला हवी. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप गळत असेल, तर मर्मर लब आणि डबच्या मध्ये येते. तीच अरुंद असेल, तर डबनंतर. जागा दोन्ही वेळा तीच, डाव्या स्तनाखाली जिथे हृदयाचा ठोका हाताला लागतो तिथली. म्हणून ‘कुठे’च्या आधी ‘केव्हा’ विचारायचं. वैद्यकीचे विद्यार्थी छातीवरच्या जागा आधी पाठ करतात. मला तो क्रम उलटा वाटतो.

पण ‘केव्हा’ हे कानाला सहज कळत नाही. नाडी मिनिटाला 70 असते तेव्हा आकुंचनाला सुमारे 0.3 सेकंद लागतात आणि भरण्याला 0.5 हून थोडे अधिक, त्यामुळे दोन्ही काळ वेगळे ओळखू येतात. 110 वर ते जवळजवळ सारखे होतात आणि लब कुठला, डब कुठला हेच समजेनासं होतं. उपाय जुना आहे: स्टेथोस्कोप छातीवर आणि एक बोट मानेतल्या धमनीवर. बोटाला ठोका लागतो त्याच्या किंचित आधीचा आवाज लब. मनगटाची नाडी इथे चालत नाही, ती उशिरा पोचते.

आता आपल्या बाईकडे वळू. तिला डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे हृदयाचं टोक छातीच्या भिंतीजवळ येतं. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हलकेच टेकवायची. दाबली तर ताणलेली कातडी खालच्या पट्टीचे आवाज गाळून टाकते, आणि हवा आहे तो आवाज नेमका त्याच पट्टीतला. लब नेहमीपेक्षा टणक, ठसठशीत येतो. मग डब. त्यानंतर क्षणात एक छोटा ‘टक्’, आणि त्यामागून दूरच्या ढगांसारखी हलकी गडगड, जी पुढच्या लबच्या तोंडाशी जराशी वाढते.

प्रत्येक आवाजाला कारण आहे. सांध्यांच्या त्या तापानंतर वर्षानुवर्षं मायट्रल झडपेच्या पाकळ्या कडांना चिकटत गेल्या. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटरची वाट समजा 1 वर आली. वरच्या कप्प्यातला वाढलेला दाब पाकळ्यांना शेवटपर्यंत उघडं धरतो, म्हणून त्या आपटून मिटतात आणि लब मोठा होतो. ताठर पाकळ्या उघडताना अडतात, तो टक्. गडगड अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताची, आणि शेवटी ती वाढते ती वरच्या कप्प्याच्या अखेरच्या ढकलीमुळे.

आजार किती पुढे गेलाय, हे आवाजाच्या जोरावरून ठरत नाही. दाब जितका जास्त, तितकी झडप लवकर उघडते, म्हणून डब आणि टक् यांतलं अंतर जितकं कमी तितकी वाट अरुंद. गडगड किती वेळ टिकते हेही बोलकं असतं. मात्र पाकळ्यांत चुना साठून त्या हलेनाशा झाल्या की लब मंदावतो, टक् नाहीसा होतो. वरच्या कप्प्याची लय बिघडून तो नुसता थरथरू लागला, तर अखेरची ती वाढही जाते. कानाची मर्यादा इथे येते. खरं माप 2डी इको देतो.

मग इतकी वर्षं तिला त्रास का झाला नाही? गरोदरपणात रक्ताचं आकारमान 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि नाडी जलद होते. म्हणजे जास्त रक्त, तीच अरुंद वाट आणि भरायला निम्मा वेळ. रक्त वर तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो, धाप लागते. म्हणून पहिला उपचार नाडी संथ करणाऱ्या गोळ्यांचा असतो, सोबत लघवीचं औषध. त्यांनी भागलं नाही तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या पाकळ्या सोडवतात. ही पद्धत जपानचे शल्यविशारद कानजी इनोए यांनी 1980च्या दशकात आणली. छाती उघडावी लागत नाही.

‘कुठे’वर भिस्त ठेवली तर काय होतं, त्याचा नमुना म्हणजे एक सत्तरीतले आजोबा. चालताना चक्कर येते आणि हृदयाच्या टोकाशी, लब-डबच्या मध्ये, मर्मर ऐकू येते. जागेवरून वाटतं मायट्रल गळतेय. प्रत्यक्षात वयामुळे चुना साठून महाधमनीच्या तोंडावरची झडप अरुंद झालेली असू शकते. तिची मर्मर एरवी छातीच्या वर उजवीकडे खरखरीत ऐकू येते आणि मानेत पसरते, पण तिचा सुरेल भाग टोकाशी पोचून चकवतो. अशा वेळी एखादा ठोका चुकण्याची वाट पाहावी. मोठ्या खंडानंतरच्या ठोक्याला अरुंद झडपेची मर्मर वाढते, मायट्रलच्या गळतीची जवळपास तशीच राहते. डब मंद झाला असेल तर आजार बहुधा बळावलेला आहे.

गरोदरपणी लब-डबच्या मध्ये सौम्य मर्मर येणं पुष्कळदा निर्धोक असतं, कारण रक्तच वाढलेलं असतं. डबनंतरच्या गडगडीला ही सवलत नाही, तिचा इको झालाच पाहिजे. घरातल्या गरोदर सुनेला किंवा लेकीला आडवं झाल्यावर धाप लागत असेल, रात्री खोकला येत असेल, तर तो अशक्तपणा समजून थांबू नका. लहानपणीच्या सांधेसुजीचा ताप डॉक्टरांना आठवणीने सांगा आणि डाव्या कुशीवर वळवून हृदय ऐकायला सांगा. आणि ज्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं आहे, त्यांनी बरं वाटतंय म्हणून ते स्वतःहून बंद करू नये.